आईचा खोकला आणि अंगावरचं दूध

मालवण किनाऱ्यावरच्या एखाद्या घरात बाळंतीण खोकू लागली आणि तपासणीत क्षय निघाला, की गोळ्या सुरू व्हायच्या आधीच घरात एक निर्णय होऊन जातो. "पोराक अंगावर घेव नको." सांगणारी कधी सासू असते, कधी तिची स्वतःची आई, कधी शेजारची जाणती बाई. हेतू बाळाच्या भल्याचाच असतो. बाळाला वरचं दूध सुरू होतं. रात्री मात्र ते त्याच खोलीत, खिडक्या लावून, आईच्याच पांघरुणात झोपतं. धोका नव्हता ती वाट बंद होते आणि धोका होता ती उघडी राहते.

फुप्फुसाचा क्षय हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो, जोरात बोलतो तेव्हा उडणारे बारीक थेंब वाळून इतके हलके होतात की बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात. बाळ ते श्वासातून घेतं. आईच्या दुधातून क्षयाचे जंतू बाळाकडे जात नाहीत. याला खरा अपवाद एकच, तो म्हणजे खुद्द स्तनाला झालेला क्षय. त्याकडे पुढे येऊ. ताट-वाटी, कपडे, अंघोळीचं पाणी यांतूनही हा रोग जात नाही, त्यामुळे आईची भांडी वेगळी काढून बाळाचं काहीच रक्षण होत नाही.

बाळाची काळजी वाटण्याचं कारण मात्र खरं आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात क्षयाचा जंतू शिरला तरी बहुतेक वेळा तो आयुष्यभर निजून राहतो. वर्षाच्या आतल्या बाळाचं तसं नसतं. संसर्ग झालेल्या आणि प्रतिबंधक औषध न मिळालेल्या अशा बाळांपैकी निम्म्याच्या आसपास बाळांना प्रत्यक्ष आजार होऊ शकतो. त्यातल्या काहींमध्ये तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो किंवा रक्तातून सगळ्या अंगभर पसरतो. म्हणून 'दूध पाज, काही होत नाही' एवढं सांगून थांबणारा सल्लाही अपुराच. दूध चालू ठेवायचं आणि हवेची वाट अडवायची, ही दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू व्हायला हवीत.

आजारी माणसाला घरच्यांपासून दूर ठेवावं ही कल्पना एके काळी डॉक्टरांचीच होती. मिरजेचं सॅनेटोरियम आणि मुंबईचं शिवडीचं क्षयरोग रुग्णालय ही नावं कोकणातल्या जुन्या चाकरमान्यांच्या घरांत अजून दबक्या आवाजात निघतात. त्या कल्पनेची पहिली नीट परीक्षा झाली ती आपल्याच देशात. १९५६ मध्ये मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिथलं राज्य सरकार यांनी मिळून एक केंद्र उघडलं. गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतले १९३ क्षयरुग्ण चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागले. एका गटाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवून औषधं दिली आणि दुसऱ्याला तीच औषधं घरी. घरी राहिलेल्यांचं जेवण कमी पोषक, विश्रांती कमी आणि खोल्या भरलेल्या होत्या. तरी बरं होण्यात मोठा फरक पडला नाही, हे १९५९ मध्ये छापून आलं. आपल्या प्रश्नाला थेट लागू पडणारा भाग त्यानंतर आला. दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या घरच्यांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला: रुग्ण औषध घेत घरीच राहिला म्हणून त्याच्या घरच्यांना जास्त क्षय झाला नाही.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घरच्यांना जो संसर्ग व्हायचा तो बराचसा निदानाच्या आधीच, खोकला 'हवा बदलली म्हणून' अंगावर काढला जात होता त्या आठवड्यांत होऊन गेलेला असतो. नेमकी औषधं सुरू झाली की जंतूंची संख्या झपाट्याने उतरते. साध्या, औषधाला दाद देणाऱ्या क्षयात सुमारे दोन आठवड्यांच्या नियमित उपचारानंतर रुग्णाकडून संसर्गाची शक्यता खूपच कमी झाली असं धरलं जातं. म्हणून बाळाच्या दृष्टीने सर्वांत वाईट दिवस हे आईला क्षय आहे हे कुणालाच ठाऊक नसलेले असतात. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत क्षय उघड होण्याचं प्रमाण वाढतं, आणि नेमकं त्याच काळात वजन उतरणं, थकवा, रात्रीचा घाम हे सगळं 'ओल्या बाळंतिणीचा अशक्तपणा' म्हणून खपून जातं.

आता वाद कुठे आहे ते पाहू. आईचं दूध बाळाला द्यावं, यावर आज जाणकारांत मतभेद नाही. प्रश्न उरतो तो आईने बाळाला स्वतः छातीशी घ्यावं की नाही, हा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की फुप्फुसाचा संसर्गजन्य क्षय असलेल्या आईने किमान दोन आठवडे औषध घेऊन संसर्ग थांबेपर्यंत बाळाला जवळ घेऊ नये. तोवर दूध काढावं आणि दुसऱ्या कुणी ते पाजावं. जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्याकडची पद्धत वेगळी आहे: आई-बाळाला तोडू नये, आईने तोंडावर मास्क लावून पाजावं आणि बाळाला प्रतिबंधक औषध द्यावं. ताटातूट फक्त आई फार आजारी असेल, औषध नियमित घेत नसेल किंवा औषधाला दाद न देणारा क्षय असेल तेव्हा.

माझ्या मते सिंधुदुर्गातल्या घरासाठी दुसरी वाटच शहाणपणाची आहे. त्यामागे भावना नाही, हिशेब आहे. पहिल्या वाटेला दर दोन-तीन तासांनी काढलेलं दूध, ते ठेवायला फ्रिज, दिवसरात्र बाळाजवळ बसणारं निरोगी माणूस आणि वेगळी हवेशीर खोली लागते. यातलं एक जरी नसलं की बाळ पाणी घातलेल्या गाईच्या दुधावर किंवा बाटलीवर जातं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं तेव्हा बाटली म्हणजे जुलाबाला आमंत्रण. शिवाय दोन आठवडे अंगावर न पाजलेल्या आईचं दूध अनेकदा आटतं, ते परत आणणं कष्टाचं असतं. ज्या घरात ही सगळी सोय खरोखर आहे तिथे दोन आठवडे काढलेलं दूध देण्याला हरकत नाही. दूध फेकण्याची गरज मात्र दोन्ही वाटांवर नाही.

मग हवेची वाट अडवायची कशी? इथे आपल्या बाळंतिणीच्या खोलीबद्दल बोलावं लागतं. जुन्या घरात ही खोली माजघराच्या आत, अंधारी. वारा लागू नये म्हणून खिडकी लावलेली, खाली शेगडी, वर ओव्याची धुरी. शेकाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण क्षय असलेल्या आईसाठी याहून वाईट खोली शोधूनही सापडणार नाही. हवा हलत नाही, ऊन येत नाही आणि धुराने खोकल्याची उबळ वाढते. आईची जागा पडवीत किंवा ओटीवर, किमान समोरासमोर दोन उघड्या खिडक्या असलेल्या खोलीत हवी. वाहती हवा तरंगते थेंब विरळ करते आणि ऊन जंतू मारतं. बाळाला थंडी वाजेल अशी भीती असेल तर बाळाला कुंची आणि दुपटं घाला, खोली बंद करू नका.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना यात एक गोष्ट फुकट मिळते. पावसाळा सोडला तर दुपारी वारा समुद्रावरून येतो आणि रात्री ते पहाटे जमिनीवरून मतलई वाहते. पाळणा असा टांगावा की वारा आधी बाळावरून जाईल, मग आईवरून आणि मग बाहेर. दुपारी जी बाजू योग्य, ती रात्री उलटी होते, त्यामुळे झोपण्यापूर्वी पाळण्याची जागा बदलायला हवी. आषाढात झड लागली की हे सगळं बिघडतं. तेव्हाही पागोळ्यांच्या आतल्या पडवीत बसता येतं, आणि मागचं-पुढचं दार दिवसातून अनेकदा उघडून हवा खेळवता येते.

पहिल्या दोन आठवड्यांचे नियम थोडेच आहेत. पाजताना आणि बाळ जवळ असताना आईने नाक-तोंड झाकणारा सर्जिकल मास्क लावायचा. ओलसर झाला की बदलायचा. पदर तोंडावर धरणं काहीच नसण्यापेक्षा बरं, पण पाजताना दोन्ही हात गुंततात आणि पदर सुटतो. खोकला आला तर तोंड बाळापासून वळवायचं. बेडका झाकणाच्या डब्यात धरायचा, अंगणात थुंकायचं नाही. पाजून झालं की बाळ आजीकडे किंवा पाळण्यात, आणि रात्री एका अंथरुणात नाही. पटापट मुके घेणं तेवढं दोन आठवडे थांबवायचं. आईला हा नियम सगळ्यांत कठीण जातो, म्हणून तो तिला आधीच, मोकळेपणाने सांगून ठेवलेला बरा.

दुसरी मोठी भीती औषधांची. "एवढ्या गोळ्या खातेस, त्या दुधात उतरतील." उतरतात, पण किती? १९८४ मध्ये स्नायडर आणि पॉवेल या अमेरिकन डॉक्टरांनी तोवरची सगळी मोजमापं एकत्र करून याचा हिशेब मांडला. अंगावर पिणाऱ्या बाळाला आयसोनियाझिडच्या उपचाराच्या मात्रेचा जास्तीत जास्त पाचवा हिस्सा मिळू शकतो आणि बाकीच्या औषधांचा त्याहूनही कमी. इतक्याने बाळाला अपाय होत नाही. याची दुसरी बाजू मात्र विसरली जाते: इतक्याने बाळाचं रक्षणही होत नाही. आईच्या दुधातून औषध मिळतंय म्हणून बाळाला वेगळं औषध नको, असं समजणं ही महागात पडणारी चूक आहे. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल ही नेहमीची चारही औषधं पाजणाऱ्या आईला चालतात. रिफाम्पिसिनमुळे लघवी, अश्रू आणि कधी दूधही नारिंगी झाक घेतं. ते रक्त नव्हे आणि दूध नासल्याची खूणही नव्हे. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच आठवड्यात घाबरून गोळ्या बंद होतात. याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो हेही जाता जाता सांगून ठेवतो, कारण ते कुणी विचारत नाही. अशा बाईने तांबीसारख्या दुसऱ्या साधनाबद्दल विचारावं.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर येतील. समजा, मुंबईत संसार असलेली २४ वर्षांची बाई पहिल्या बाळंतपणाला देवबागला माहेरी आली आहे. बाळ सहा आठवड्यांचं, वजन ४ किलो, जन्मतः बीसीजी टोचलेली. आईला तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, वजन ४६ किलो. आशाताईंच्या सांगण्यावरून ती बेडका तपासायला देते. आता ही तपासणी ट्रूनॅट किंवा सीबीनॅट यंत्रावर होते. ट्रूनॅट हे शेजारच्या गोव्यात, वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीने तयार केलेलं, बॅटरीवर चालणारं यंत्र आहे. जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिनला दाद देतात का, हे दोन्ही त्यात काही तासांत कळतं. समजा, जंतू आहेत आणि दाद देतात.

राष्ट्रीय कार्यक्रमात चार औषधं एकाच गोळीत येतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला रोज तीन. या बाईला दोन महिने रोज तीन गोळ्या, मग पायराझिनामाइड वगळलेल्या तीन गोळ्या आणखी चार महिने. सोबत हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून ब-६ जीवनसत्त्वाची गोळी. तिची नोंद निक्षय या सरकारी नोंदवहीत होते आणि दरमहा पोषणाचे १००० रुपये खात्यात येतात. २०१८ मध्ये ही रक्कम ५०० होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती दुप्पट झाली.

त्याच दिवशी बाळाचीही तपासणी व्हायला हवी, आणि नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त वेळा सुटते. बाळाला बेडका काढता येत नाही. म्हणून डॉक्टर वजनाचा आलेख पाहतात, पोट तपासून यकृत-प्लीहा वाढली आहे का बघतात, छातीचा एक्स-रे काढतात, गरज वाटली तर पोटातला द्राव नळीने काढून तपासतात. आईला गरोदरपणातच क्षय असेल तर वारेतून बाळाला जन्मतःच तो झालेला असण्याची दुर्मिळ शक्यता असते. त्याच्या खुणा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतात. बाळाला आजार असेल तर पूर्ण उपचार. नसेल तर आयसोनियाझिड, दर किलोमागे १० मिलिग्रॅम, रोज, सहा महिने.

म्हणजे ४ किलोच्या या बाळाला रोज ४० मिलिग्रॅम. १०० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी १० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवली तर त्यातले ४ मिलिलिटर सिरिंजने मोजून पाजायचे, उरलेलं टाकून द्यायचं. पहिल्यांदा हे परिचारिकेकडून समोर करून घ्यावं. पुढे काय चुकतं ते पाहा. तीन-चार महिन्यांनी बाळ ६ किलोचं होतं, पण घरात माप ४ मिलिलिटरचंच राहतं. आता त्याला ६ हवेत. बाळ अंगाने भरतं तसं औषध वाढवलं नाही, तर कागदावर प्रतिबंध चालू आणि प्रत्यक्षात मात्रा तोकडी. दर महिन्याला वजन करून मात्रा विचारून घेणं यासाठीच. बाळाचे डोळे पिवळे दिसले, सतत उलट्या झाल्या, तर औषध थांबवून लगेच दाखवायचं. वजन वाढायचं थांबलं, ताप किंवा खोकला दोन आठवड्यांवर गेला, बाळ मलूल पडलं, तर पुन्हा क्षयाची तपासणी.

बीसीजीबद्दल दोन मतं ऐकू येतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रतिबंधक औषध चालू असलेल्या नवजात बाळाची बीसीजी कोर्स संपेपर्यंत लांबवतात, कारण आयसोनियाझिड लशीतल्या जिवंत जंतूंनाही मारू शकतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची भूमिका अशी की जन्मतःच बीसीजी द्यावी, पुढे औषध द्यायचं ठरलं असलं तरी. लांबवलेली लस आपल्याकडे अनेकदा राहूनच जाते, हे त्यामागचं व्यवहारी कारण मला पटतं. आपल्या उदाहरणातल्या बाळाला ती आधीच मिळालेली असल्याने तिथे हा प्रश्न उठत नाही.

दोन महिन्यांनी आईचा बेडका पुन्हा तपासतात. तेव्हाही जंतू दिसले तर मास्क पुन्हा चढवायचा आणि औषधाला विरोध आहे का ते तपासायचं. चतुर्थी झाली की ही बाई मुंबईला परतणार. औषध तुटण्याची खरी जागा ही. निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगून निक्षयची नोंद मुंबईच्या केंद्राकडे वळवून घ्यावी आणि प्रवासापुरत्या गोळ्या हातात घ्याव्यात. क्रमांक तोच राहतो. अडलं तर १८००-११-६६६६ हा मोफत दूरध्वनी आहे. आणि मुंबईत नवरा खोकत असेल तर? तपासणीच्या यादीत पहिला तोच हवा.

गोळ्या सोडण्याचं आणखी एक कारण किनाऱ्यावरच घडण्यासारखं आहे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून इथे मोरी खिलवतात, बांगडा-तारली तर रोजची. आयसोनियाझिड चालू असताना हिस्टामिन जास्त असलेला मासा पोटात गेला तर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, धडधडतं, अंगावर गांधी येतात. श्रीलंकेत कुप्याच्या जातीचा मासा खाल्लेल्या क्षयरुग्णांमध्ये हे सत्तरच्या दशकात नोंदवलं गेलं. कुपा आणि बांगडा उन्हात पडून राहिला, बर्फ कमी पडला, की त्यात हिस्टामिन वाढतं, आणि शिजवल्याने ते जात नाही. घरचे म्हणतात, गोळ्या बाधल्या. बाधलेला असतो शिळा मासा. ताजी मासळी खायला हरकत नाही, उलट क्षय आणि पाजणं या दोन्हींमुळे झिजणाऱ्या अंगाला ती हवीच. संशय आला तर कुपा-बांगडा बाजूला ठेवा, गोळ्या नकोत, आणि डॉक्टरांना सांगा.

आता अपवाद. स्तनात गाठ, न भरणारी जखम किंवा पू वाहणारी वाट असेल आणि ती क्षयाची ठरली, तर त्या बाजूने पाजायचं नाही. दुसऱ्या बाजूने पाजता येतं. प्रतिजैविकांनी न बरी होणारी, पुन्हा पुन्हा उलटणारी गाठ असेल तर ही शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी. दुसरा अपवाद औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचा. त्यात वापरलं जाणारं बेडाक्विलिन हे औषध दुधात साठतं आणि बाळाच्या रक्तात लक्षणीय प्रमाणात पोचतं. शिवाय आई जास्त काळ संसर्गजन्य राहते. इथे पाजावं की नाही हा निर्णय जिल्हा रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांनी, औषधांची यादी समोर ठेवून घ्यायचा आहे. या लेखावरून कुणी तो घेऊ नये.

खोकल्याचं कारण क्षयाऐवजी फ्लू असेल, तर गोष्ट सरळ आहे. त्याचा विषाणू थेंबांतून आणि हातांवरून जातो, दुधातून त्याची बाधा होत नाही. आई लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो पसरवत असते. म्हणजे अंग मोडून येऊन ताप भरेपर्यंत बाळाला विषाणू भेटून चुकलेला असतो. त्या क्षणी दूध तोडलं तर त्या विषाणूविरुद्ध आईच्या शरीरात तयार होत असलेली प्रतिद्रव्यंच बाळाची तुटतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्यामुळे त्याच्याकडे हीच शिदोरी. आईने गरोदरपणात लस घेतली असेल तर उत्तमच. मास्क आणि प्रत्येक वेळी पाजण्यापूर्वी साबणाने हात, ताप उतरून खोकला आवरेपर्यंत. ऑसेल्टामिविर दिलं, ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस, तरी पाजता येतं. आई उठूच शकत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं. मालवणच्या उकाड्यात तितकी वाट पाहू नये, लगेच पाजावं किंवा फ्रिजमध्ये ठेवावं. खोकल्याच्या औषधात कोडीन नको, बाळाला त्याने गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो.

नुसत्या तापाने दूध 'तापत' नाही आणि बाधतही नाही. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. पण सिंधुदुर्गात पावसाळी ताप हे एकच दुखणं नसतं, म्हणून 'पाजत राहा' सांगताना 'कशाचा ताप' हेही विचारलं पाहिजे. डेंगीत पाजणं चालू राहतं. फक्त आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडी भागात दिसलेला माकडताप गोचिडीतून येतो, माणसाकडून माणसाकडे नाही. तिथे आईची प्रकृती किती बिघडली आहे यावर पाजणं अवलंबून. लेप्टोबद्दल मात्र सरसकट बोलता येत नाही. त्याचे जंतू दुधातून बाळाला गेल्याची १९८८ मधली एक नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. अशा उदाहरणांची संख्या फार थोडी आहे, पण चिखलणीला गेलेल्या आईला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल अशी लक्षणं असतील तर पाजण्याचा प्रश्न त्याच दिवशी डॉक्टरांपुढे ठेवावा. लेप्टोच्या बचावाच्या गोळ्या वाटायला कुणी आलं तर मी पाजते आहे, हे आधी सांगावं, म्हणजे योग्य औषध निवडता येतं.

बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतला ताप वेगळा धरायचा. त्याला 'दुधाचा ताप' म्हणून घरी बसू नये. ओटीपोटात दुखणं, घाण वासाचा स्राव असेल तर तो गर्भाशयाचा संसर्ग असू शकतो आणि तो आईच्या जिवावर बेततो. स्तन लाल, कडक, दुखरा असेल तर त्याच बाजूने पाजत राहून तो रिकामा ठेवायचा. पाजणं थांबवलं की दूध तुंबतं आणि गळू होतं.

घर कितीही काळजी घेणारं असो, दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, ते पीत नसलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असलं, छाती आत ओढली जात असली, तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावं. मालवणचं ग्रामीण रुग्णालय, ओरोसचं जिल्हा रुग्णालय, दक्षिणेकडच्यांना गोव्यातलं बांबोळी, जे जवळ असेल ते. आणि ज्या घरात बाळ आहे त्या घरात दोन आठवड्यांवर खोकणारं जे कुणी असेल, आई, आजी, मुंबईहून आलेला काका, त्याचा बेडका या आठवड्यात तपासून घ्या.